साडेसातशे रुपयांची सनद

वकिलीची सनद मिळवायला किती पैसे लागतात, हे कुणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मध्येच ते लिहिलेले आहे. राज्याच्या बार कौन्सिलला सहाशे रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला दीडशे, मिळून साडेसातशे. उमेदवार अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल तर शंभर अधिक पंचवीस, म्हणजे सव्वाशे. याशिवाय मुद्रांक शुल्क लागू असेल तर तेवढे द्यायचे. मूळ कायद्यात ही रक्कम अडीचशे होती, १९९३ च्या दुरुस्तीने ती आजची झाली आणि त्यानंतर संसदेने तिला हात लावलेला नाही.

तरीही गेल्या पंधरा-वीस वर्षांत ज्यांनी सनद काढली त्यांना विचारा, साडेसातशे भरून बाहेर पडलेला माणूस सापडणे कठीण. नोंदणीशुल्काच्या जोडीला ग्रंथालय निधी, कल्याण निधी, ओळखपत्राचे शुल्क, प्रशासकीय शुल्क, प्रमाणपत्राचे शुल्क अशी एकेक रक्कम बसत गेली आणि एकूण आकडा राज्याराज्यांत पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या पुढे गेला. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेत ओडिशाचा आकडा ४२,१०० रुपये दिलेला होता. एलएल. बी. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातात त्या वेळी एक रुपयाची कमाई नसते. पुढची दोन-तीन वर्षे ज्येष्ठ वकिलांकडे काम शिकताना हाती पडेल तेवढ्यावर भागवायचे असते. अशा वेळी ही रक्कम घरून मागायची किंवा कर्जाऊ घ्यायची.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू करायला लागणारी सनद काढण्यापुरते पैसेही त्यांच्यापाशी नव्हते. त्यांचे मित्र नवल भथेना यांनी ते दिले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या हातात असलेल्या माणसाला शेवटच्या पायरीवर मित्राकडून उसने घ्यावे लागले. प्रत्येक मुलामुलीला भथेना भेटतीलच असे नाही, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी कायद्याने वेगळे, कमी शुल्क ठेवण्यामागे हेच भान आहे, असे मी मानतो. वरच्या इतर रकमांनी नेमके तेच पुसून टाकले होते, कारण त्या बहुतेक ठिकाणी सगळ्यांना लागत आणि त्यांच्यापुढे शुल्कातली सवलत नगण्य ठरे.

३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने हे थांबवले. निकाल साध्या पायावर उभा आहे. नोंदणीचे शुल्क संसदेने ठरवले आहे, त्यामुळे राज्य बार कौन्सिलला किंवा बार कौन्सिल ऑफ इंडियाला त्यात भर घालण्याचा अधिकार नाही. रकमेला दुसरे नाव दिले म्हणून ती वेगळी होत नाही; नोंदणीची पूर्वअट म्हणून जे काही घेतले जाईल ते सगळे शुल्कच. न्यायालयाने याला समानतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्काशीही जोडले. घरात आधी कुणी वकील नाही, मागे पैसा नाही, अशांना दारातच अडवणारी रक्कम मनमानी ठरते, असे त्याचे सार.

बार कौन्सिलांचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे मला वाटत नाही. १९९३ च्या सहाशे रुपयांत आज कार्यालय चालत नाही, कर्मचाऱ्यांचे पगार होत नाहीत, हे खरे आहे. पण त्यावर उपाय संसदेकडे जाण्याचा होता. न्यायालयाने दुसरी वाटही मोकळी ठेवली आहे. नोंदणी झाल्यानंतर वकिलांना ज्या सेवा दिल्या जातात त्यांच्यासाठी कौन्सिलने रास्त आकारणी करावी. जो अजून वकील झालेलाच नाही, त्याच्याकडून ती घेऊ नये. निकाल पुढच्या काळासाठी लागू केला, त्यामुळे आधी भरलेली जादा रक्कम परत मागता येत नाही.

त्यानंतर काही ठिकाणी ‘ऐच्छिक’ शुल्काची वाट निघाली. कर्नाटकाचे प्रकरण ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि न्यायमूर्ती पारडीवाला व न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की ऐच्छिक म्हणून काही नसते. नोंदणीच्या वेळी ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त कोणतीही रक्कम त्या नावाने घेऊ नये. खिडकीपलीकडच्या माणसाच्या हातात आपली सनद असताना ‘इच्छा असेल तर द्या’ या म्हणण्याला नकार देणारा उमेदवार विरळाच, हे बार रूममध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पैशांचा अडथळा अशा रीतीने कायद्याने तरी दूर झाला. कागदांचा मात्र तसाच आहे, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. माझ्या पाहण्यात शुल्कापायी अडलेल्या मुलांपेक्षा फाइलपायी अडलेली मुले जास्त आहेत.

आपल्याकडची बार कौन्सिल महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांची, शिवाय दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचीही. कार्यालय मुंबईत. कायद्याच्या कलम २५ प्रमाणे जिथे वकिली करायचा विचार आहे त्या कौन्सिलकडे अर्ज करायचा, आणि एका वेळी एकाच राज्याच्या यादीत नाव राहू शकते. पुढे इंदूरला किंवा हैदराबादला जाऊन कायमची वकिली करायची ठरली तर कलम १८ खाली नाव तिकडच्या यादीत हलवून मिळते आणि त्यासाठी शुल्क नाही.

गेल्या वर्षी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे तिची फाइल घेऊन आली. तिचे नाव लिहीत नाही. वडील शेतकरी, घरातली पहिली पदवीधर, तीन वर्षांचा एलएल. बी. अभ्यासक्रम पूर्ण. तिच्या फाइलवरून जे सांगता येते ते जवळपास प्रत्येक उमेदवाराला लागू पडते, म्हणून ती उलगडून दाखवतो.

तिचा पहिला प्रश्न पदवीचा होता. निकाल लागला होता, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका हातात होत्या, पण पदवीदान समारंभ व्हायचा होता. पदवीचा कागद मिळेपर्यंत अर्ज करता येणार नाही, असे तिला कॉलेजात कुणीतरी सांगितले होते. हा गैरसमज फार पसरलेला आहे. कलम २४ च्याच खाली एक स्पष्टीकरण आहे. विद्यापीठाने परीक्षेचा निकाल सूचनाफलकावर किंवा अन्य रीतीने जाहीर केला, त्या दिवशी पदवी मिळाली असे धरायचे. म्हणून शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि विद्यापीठाचे तात्पुरते उत्तीर्ण प्रमाणपत्र यांवर अर्ज करता येतो. समारंभाची वाट पाहण्यात मुलांची कित्येक महिन्यांची ज्येष्ठता जाते. वकिलांची ज्येष्ठता नोंदणीच्या तारखेवर ठरते, आणि तारीख एकच असेल तर कलम २१ प्रमाणे वयाने मोठा तो ज्येष्ठ.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिने सोबत आणल्याच नव्हत्या. एलएल. बी. झाल्यावर दहावीचा कागद कशाला, असे तिला वाटले, आणि बहुतेकांना वाटते. त्याचे कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत आहे. कायद्याच्या तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घेण्याआधी दहावी, बारावी आणि मग पदवी असा सलग पाया हवा, असे ते नियम म्हणतात. बारावी न होता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेला माणूस त्यात बसत नाही. दूरशिक्षणाने पदवी घेतली म्हणून काही बिघडत नाही. आधीची बारावी हवी.

महाराष्ट्रात हा मुद्दा खास बोचतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला. तो पूर्ण करून बी. ए.ला प्रवेश मिळे. अर्ध्यात शाळा सुटलेल्या, लवकर लग्न झालेल्या बायका, कारखान्यातले कामगार, पोलिस शिपाई अशा असंख्य लोकांना त्याने पदवीधर केले. ती पदवी नोकरीला चालते, स्पर्धा परीक्षेला चालते. पण त्या पदवीच्या जोरावर तीन वर्षे कायदा शिकून सनदेच्या दारात उभे राहिल्यावर बारावीची गुणपत्रिका मागितली जाते आणि ती नसते. तीन वर्षांची फी, वेळ आणि उमेद त्या एका कागदाशी थांबते. प्रवेशाच्या वेळी हे सांगायची जबाबदारी कॉलेजची आहे, कारण तेव्हा त्या माणसाच्या हातात वर्षे असतात आणि निवड असते. माझ्या या मुलीची बारावी शहाद्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून झालेली होती. कागद घरी पेटीत होता. दोन दिवसांत आला.

आला तेव्हा तिसरी गोष्ट दिसली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव एका पद्धतीने, एलएल. बी.च्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या, इंग्रजी अक्षरांत एका अक्षराचा फरक. आधार कार्डावर लग्नानंतरचे नाव. आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे, मुलींच्या बाबतीत तर हमखास. याला एक सोपा नियम मी सगळ्यांना सांगतो. कायद्याच्या पदवीवर जे नाव, तेच अर्जात लिहायचे. बाकीच्या कागदांवर वेगळे असेल तर ‘ही दोन्ही नावे माझीच’ असे शपथपत्र, आणि लग्नाने बदल झाला असेल तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडायचे. नाव मुळातच बदलायचे असेल तर राजपत्रात प्रसिद्धी आधी आणि सनद नंतर. सनदेवर एक नाव आणि वकीलपत्रावर दुसरे, अशी स्थिती आयुष्यभर प्रत्येक कोर्टात खुलासा मागते.

पदवी आणि एलएल. बी. यांच्या मध्ये तिची दोन वर्षे रिकामी होती. कागदावर रिकामी, प्रत्यक्षात त्या काळात आणि पुढे कायदा शिकतानाही ती एका कार्यालयात कंत्राटावर संगणकचालक होती. आणि माझ्याकडे आली तेव्हाही ती त्याच नोकरीत होती. सनद मिळाली की सोडीन, असे तिने सांगितले. मी तिला सांगितले, आधी सोड.

हे कठोर वाटेल. पण महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा नियम सांगतो की जो पूर्ण वेळ किंवा अर्धवेळ नोकरीत आहे किंवा दुसऱ्या धंद्या-व्यवसायात आहे, त्याला वकील म्हणून दाखल करून घेता येणार नाही. या नियमाची कसोटी आपल्याच कौन्सिलच्या एका प्रकरणात लागली. मुंबईतले शल्यचिकित्सक डॉ. हनिराज चुलानी कायद्याची पदवी घेऊन सनद मागायला गेले. वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून वकिलीही करीन, असे त्यांचे म्हणणे. कौन्सिलने अर्ज नाकारला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये न्यायालयाने नियम वैध ठरवला. वकिली हा पूर्ण वेळ लक्ष मागणारा व्यवसाय आहे. अशिलाचे प्रकरण पुकारले जाईल तेव्हा वकील शस्त्रक्रियागृहात असून चालणार नाही, असा त्यामागचा विचार. मला तो पटतो. मात्र नोकरी सोडणे आणि सनद मिळणे यांच्या मधल्या काळाचा भार कुणावर पडतो, तेही पाहावे लागते. डॉक्टरांना तो झेपला असता, कंत्राटावर महिना काढणाऱ्या मुलीला जड जातो. म्हणूनच फाइल पूर्ण तयार करून, एकही कागद बाकी न ठेवता, मग राजीनामा द्यायचा आणि कार्यमुक्तीचे पत्र घेऊन लगेच अर्ज करायचा. तिने तसेच केले.

वयाची मर्यादा मात्र नाही. एकवीस पूर्ण हवे, वर कितीही. पंचेचाळिशीनंतर नोंदणी नको, असा नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९९५ मध्ये रद्द केला. म्हणून निवृत्त मामलेदार, बँकेतले अधिकारी, पोलिस निरीक्षक साठीत काळा कोट घालताना दिसतात.

मग चारित्र्याचे दाखले. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे उमेदवाराला ओळखणाऱ्या दोन वकिलांनी ते द्यायचे असतात. मूळ अधिनियमात चारित्र्याच्या दाखल्याचा उल्लेख नाही. इतर अटी घालण्याची मुभा राज्य कौन्सिलला आहे आणि त्या वाटेने तो आला आहे. जिल्हा न्यायालयाच्या बार रूममध्ये हे दाखले कसे दिले जातात ते मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. छापील नमुना असतो. मी यांना इतकी वर्षे ओळखतो, यांची वर्तणूक चांगली आहे, माझ्या माहितीप्रमाणे यांच्याविरुद्ध काही नाही. टंकलेखकाच्या टेबलावर कोरे नमुने पडलेले असतात, आणि सही करणारे दुपारच्या सुट्टीत चहा पिता पिता सही करतात. मुलगा कुठल्या कॉलेजचा, हेही कधीकधी विचारले जात नाही.

मी सही करण्याआधी उमेदवाराला समोर बसवतो आणि दोनच गोष्टी विचारतो. तुझ्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, आणि सरकारी नोकरीतून कधी काढले आहे का. हे दोन प्रश्न मी कलम २४-क मधून घेतले आहेत. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, आणि तशाच आरोपावरून सरकारी सेवेतून बडतर्फ झालेला, यांना नोंदणी मिळत नाही. सुटका किंवा बडतर्फी झाल्यापासून दोन वर्षांनी ही बंदी संपते. परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीवर सोडलेल्याला ती लागत नाही.

या कलमात आणखी एक कारण आहे, आणि ते वकिलांनाही फारसे ठाऊक नसते. ज्या एका कायद्याचे नाव घेऊन त्याखाली शिक्षा झालेल्याला वकिलीचे दार बंद केले, तो १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आहे, आजचा नागरी हक्क संरक्षण अधिनियम. १९७३ मध्ये हे कलम घातले गेले. अस्पृश्यता पाळल्याबद्दल दोषी ठरलेला माणूस न्यायालयात दुसऱ्याची बाजू मांडायला अपात्र, असे संसदेने सरळ लिहून ठेवले. चारित्र्य म्हणजे काय, याचा कायद्याने दिलेला हा नमुना आहे, आणि दाखल्यावर सही करताना तो डोळ्यांपुढे असावा.

शिक्षा झालेली नाही, पण खटला चालू आहे, अशी मुले कितीतरी असतात. गावातल्या हाणामारीत भाऊबंदांबरोबर नाव घातलेले, विद्यार्थी आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा असलेले. त्यांना मी एकच सांगतो की अर्जात विचारलेले लपवू नका. प्राथमिक माहिती अहवालाची प्रत, आरोपपत्र, खटल्याची आजची स्थिती, सगळे जोडा. कलम २४-क दोषसिद्धीविषयी बोलते, आरोपाविषयी नाही. पण खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून नाव दाखल करून घेतले असेल, तर कलम २६ खाली बार कौन्सिल ऑफ इंडिया ते यादीतून काढू शकते, आणि त्याला मुदत नाही. दहा वर्षे वकिली झाल्यावर, एखाद्या वैऱ्याने तक्रार केल्यावर, ती लपवलेली ओळ वर येते. गुन्हा तोवर निकाली निघालेला असतो, लपवल्याचा ठपका राहतो.

खोट्या पदव्यांचा प्रश्न याच्याच शेजारचा. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या वकिलांच्या पदव्या पडताळण्यासाठी माजी न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि विद्यापीठांनी व परीक्षा मंडळांनी ही पडताळणी शुल्क न घेता करून द्यावी असे सांगितले. त्यामुळे आपण दिलेली गुणपत्रिका विद्यापीठात परत जाऊन तपासली जाते असे धरूनच चालावे. बैठक क्रमांक, वर्ष, सत्र यांत अर्जात एक अंक चुकला तरी पडताळणी अडते. त्या मुलीच्या अर्जात चौथ्या सत्राचा बैठक क्रमांक पाचव्याच्या जागी लिहिला गेला होता. सगळ्या गुणपत्रिका टेबलावर ओळीने मांडून, अर्ज एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून पडताळायचे, असे आम्ही केले तेव्हा तो सापडला. एकट्याने तपासताना ही चूक दिसत नाही; मन जे लिहायचे होते तेच वाचते.

मग शुल्क. ती अनुसूचित जमातीची. जातीचा दाखला जोडून शंभर आणि पंचवीस. तिने पंधरा हजारांची जुळवाजुळव करून ठेवली होती. मावशीकडून काही घेतले होते, काही बचत गटातून. सव्वाशे, हे ऐकल्यावर तिने मला पुन्हा विचारले, “सर, हे फक्त अर्जाचे ना? सनदेचे वेगळे असतील.” मी तिला कलम काढून दाखवले. कलमातले वाक्य तिने स्वतः दोनदा वाचले, आणि दुसऱ्या दिवशी बचत गटाचे पैसे परत केले. मुंबईला जाण्यायेण्याचे भाडे त्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त झाले, ते वेगळे.

अर्ज नोंदणी समितीपुढे जातो. समितीला कागद अपुरे वाटले तर ती पूर्तता मागते, आणि ती वेळेत करणे उमेदवाराच्या हातात आहे. नकार देणे मात्र समितीला एकटीने करता येत नाही. नाकारायचा विचार असेल तर कारणांसह ते प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे मतासाठी पाठवावे लागते आणि येणाऱ्या मताप्रमाणेच निर्णय करावा लागतो. हे संरक्षण फार मोलाचे आहे. कारण एकदा नकार झाला की कलम २७ आडवे येते. ज्या कौन्सिलने नाकारले तिची आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची लेखी संमती असल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही राज्याची कौन्सिल त्याला घेऊ शकत नाही. ‘इथे नाही झाले तर गुजरातेत काढू’ हा सल्ला देणाऱ्यांनी हे कलम वाचलेले नसते. शंका असेल तर अर्ज करण्याआधी ती मिटवावी.

मंजुरी मिळाली की यादीत नाव चढते, महाराष्ट्र आणि गोव्याचा ‘एमएएच’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि प्रमाणपत्र येते. तेवढ्याने काम संपत नाही. २०१० पासून अखिल भारतीय बार परीक्षा आहे. पहिली मार्च २०११ मध्ये झाली. नोंदणीनंतर दोन वर्षांत ती उत्तीर्ण होऊन वकिलीचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने मान्य केला. तिचे शुल्क वेगळे आहे आणि हजारांत आहे. साडेसातशेच्या निकालाचा आनंद करणाऱ्या मुलांनी ते आधीच हिशेबात धरावे.

अक्राणीच्या त्या मुलीची सनद आली. ती आता शहाद्याच्या न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे काम शिकते. वनहक्काचे दावे तिच्या गावाकडून तिच्याकडे येऊ लागले आहेत. कागद पावरी बोलीत समजावून सांगणारी वकील आपल्या लोकांना पहिल्यांदा मिळाली, असे ती सांगत होती.

माझी विनंती दोघांना आहे. विधी महाविद्यालयांनी प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येकाची दहावी आणि बारावीची गुणपत्रिका स्वतः पाहावी. नसेल तर त्या माणसाला तिथेच, फी घेण्याआधी, सनद मिळण्यात अडचण येईल हे लेखी सांगावे. आणि शेवटच्या सत्रात एक तास कलम २४ ते २७ वाचून घ्यावीत. संपूर्ण मजकूर चार-पाच पानांचा आहे. ज्या वकिलांकडे चारित्र्याच्या दाखल्यासाठी मुले येतात त्यांनी सही करण्याआधी फाइल मागून घ्यावी आणि शेवटपर्यंत चाळावी. अर्ध्या तासाचे काम आहे. नोंदणीच्या वेळी कुणी ठरलेल्या शुल्काच्या वर मागितले, तर ३० जुलै २०२४ च्या निकालाची प्रत दाखवून लेखी मागणी मागावी, आणि त्या मुलाला एकट्याला खिडकीवर उभे न करता आपण त्याच्यासोबत जावे.